टॅगवरचं ग्रॉस, टॅगवरचं नेट आणि मधले चार ग्रॅम

प्रश्न: बहिणीच्या लग्नासाठी लक्ष्मी रस्त्यावर एक नेकलेस पाहिला. 22 कॅरेट, वर लाल आणि पांढरे खडे, मध्ये थोडे मोती आणि खाली मोत्यांचे नऊ लटकन. टॅगवर ग्रॉस 28.640 आणि नेट 24.310. सेल्समन म्हणाला, सोन्याचे पैसे नेटचेच, पण मजुरी 14 टक्के ती ग्रॉसवर. एस्टिमेटच्या कागदावर खाली लिहिलंय: खडे 18.40 कॅरेट, मोती 7.25 कॅरेट, दोन्हींचे मिळून 8,500. मजुरी ग्रॉसवर लावणं बरोबर आहे का? आणि नेट खरंच 24.310 आहे हे आमच्यासारख्यांनी ओळखायचं कसं?

उत्तर: सोनं नेटवर लावलं, हे बरोबर. मजुरी ग्रॉसवर लावणं हा सौद्याचा भाग आहे, त्याकडे नंतर येतो. पण तुम्ही मजुरीत अडकलात आणि त्याहून मोठी गोष्ट तुमच्याच हातातल्या कागदावर राहून गेली. ती आधी पाहू.

खड्या-मोत्यांचं वजन कॅरेटमध्ये लिहितात आणि सोन्याचं ग्रॅममध्ये. त्यामुळे एकाच कागदावर असूनही ते आकडे कुणी एकमेकांशी ताडून बघत नाही. एक कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम, म्हणजे पाच कॅरेटचा एक ग्रॅम. (हा कॅरेट वजनाचा. 22 कॅरेट सोनं म्हणतो तो शुद्धतेचा, त्याचा इथे संबंध नाही. दोघांचं नाव एक असल्यामुळे गिऱ्हाईक गोंधळतं.) तुमचे खडे 18.40 आणि मोती 7.25, मिळून 25.65 कॅरेट. पाचाने भागा: 5.130 ग्रॅम.

आता टॅग बघा. ग्रॉस 28.640 वजा नेट 24.310, म्हणजे 4.330. काउंटरवर आम्ही ह्याला ‘लेस’ म्हणतो, सोनं नसलेलं जे काही डागात, म्हणजे दागिन्यात, आहे त्याचं वजन. टॅग म्हणतो खडे-मोती 4.330 ग्रॅम आणि एस्टिमेट म्हणतं 5.130. दागिना एकच आहे, तेव्हा दोन्ही खरं असू शकत नाही. मधले 0.800 ग्रॅम तुम्हाला दोनदा लावले आहेत: एकदा सोनं म्हणून नेटमध्ये आणि एकदा मोती किंवा खडे म्हणून 8,500 मध्ये.

0.800 ग्रॅम म्हणजे बरोबर चार कॅरेट. फरक असा गोल आकड्यात आला की मला लबाडीपेक्षा विसरण्याचा संशय आधी येतो. खडे मोजण्यात ढिलाई झाली असती तर फरक काहीतरी तुटक आला असता, 0.763 वगैरे. गोल फरक बहुतेक वेळा एखादी अख्खी वस्तू लेसमध्ये धरायची राहून गेल्याने येतो. साधारण 4 मिलिमीटरचा गोल मोती 0.09 ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे तसे नऊ मोती जवळपास 0.8 ग्रॅम. तुम्ही लटकन नऊ आहेत असं लिहिलंय. माझा अंदाज असा की लेस आधीच्या, लटकन नसलेल्या डागावरून काढलं गेलं. मग कुणीतरी खाली नऊ मोती लावले, डाग परत काट्यावर ठेवला, ग्रॉस वाढला, पण लेसचा आकडा सिस्टिममध्ये जुनाच राहिला. नेट म्हणजे ग्रॉस वजा लेस, त्यामुळे ते नऊ मोती आपोआप सोनं झाले. खड्यांची यादी मात्र दुसऱ्या कागदावरून आली, त्यात मोती पूर्ण होते. तुमचे लटकनचे मोती खूप बारीक किंवा खूप टपोरे असतील तर माझा अंदाज चुकेल, पण 0.800 चा फरक तरीही तिथेच राहील.

त्याची किंमत काढू. हिशेब सोपा जावा म्हणून 22 कॅरेटचा दर ग्रॅमला सपाट 10,000 धरतो, तुम्ही त्या दिवशीचा दर घाला.

त्यांच्या कागदाप्रमाणे सोनं 24.310 चे 2,43,100. मजुरी ग्रॉसच्या किमतीवर, म्हणजे 2,86,400 चे 14 टक्के, 40,096. खडे-मोती 8,500. बेरीज 2,91,696, त्यावर 3 टक्के जीएसटी आणि हॉलमार्कचे एका डागाचे 45 रुपये अधिक त्यावरचा कर. सगळं मिळून साधारण 3,00,500.

दुरुस्त कागदाप्रमाणे नेट 28.640 वजा 5.130, म्हणजे 23.510. सोनं 2,35,100. मजुरी नेटवर 14 टक्के, 32,914. खडे-मोती तेच 8,500. बेरीज 2,76,514. कर आणि हॉलमार्क धरून साधारण 2,84,860.

फरक साडेपंधरा हजारांच्या वर गेला. त्यातले 8,000 नुसते त्या न धरलेल्या मोत्यांचे आणि 7,182 मजुरीचे. बाकी त्यावरचा कर, कारण चुकीच्या वजनावर करही जास्तच बसतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, नेट खरं आहे हे ओळखायचं कसं. त्यासाठी नेट जन्माला कसं येतं हे माहीत हवं. नेट कुणी काट्यावर ठेवत नाही. ठेवताच येत नाही, कारण खडे जडवल्यावर नुसतं सोनं वेगळं राहत नाही. काट्यावर दिसतो तो फक्त ग्रॉस.

मी सव्वीस वर्षं या धंद्यात आहे. पहिली चौदा सोन्या मारुती चौकाजवळच्या एका पेढीवर काउंटरला आणि पुढची सोनेतारण कर्जासाठी डाग पारखण्यात. पेढीवर असताना रविवार पेठेतल्या कारागिराकडून माल आणायचं काम माझ्याकडे असायचं. तिथे डाग असा चालतो: घडवणारा सोन्याचा सांगाडा तयार करून वजन करून देतो. जडाईवाल्याला सांगाडा आणि खड्यांची पुडी असं दोन्ही वजन करून जातं. पुडीवर वजन पेनने लिहिलेलं असतं. त्याने खडे बसवले की उरलेले खडे पुडीतच परत येतात, त्यांचं वजन वजा केलं की डागात किती खडे गेले ते कळतं. मग पॉलिश, मग शेवटचा ग्रॉस.

इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. सांगाड्याचं जडाईआधीचं वजन आणि शेवटचं नेट एक नसतं. खडा बसायला जागा कोरावी लागते, नख्या घासाव्या लागतात, त्यात सोनं झडतं. ती भुकटी कारागीर जपून गोळा करतो, पण ती तुमच्या डागात नसते. म्हणून सांगाड्याचं वजनच नेट म्हणून लिहिलं तर ते जास्त असतं. शेवटच्या ग्रॉसमधून बसलेल्या खड्यांचं वजन वजा करणं हाच रास्त मार्ग, आणि त्याचा सगळा भरवसा पुडीच्या हिशेबावर.

पुडीचा हिशेब नसेल तर लेस अंदाजाने काढतात आणि गडबड बहुतेक तिथे होते. नेहमी दिसणारी चूक सांगतो. पांढरे खडे, ज्यांना दुकानात ‘अमेरिकन डायमंड’ म्हणतात, ते क्युबिक झिर्कोनिया असतात. हा खडा दिसतो हिऱ्यासारखा, पण त्याच आकाराच्या हिऱ्यापेक्षा साधारण दीडपटीहून जड असतो. साडेसहा मिलिमीटरचा गोल हिरा सुमारे एक कॅरेट भरतो, तेवढाच अमेरिकन डायमंड दीड-पावणेदोन कॅरेटच्या दरम्यान जातो. कुणी मापाची पट्टी घेऊन हिऱ्याच्या तक्त्यावरून वजन काढलं तर लेस कमी येतं आणि कमी आलेलं प्रत्येक मिलिग्रॅम तुमच्या नेटमध्ये सोनं होऊन बसतं. उलट काचेचा खडा किंवा मोती हलका असतो. तेव्हा ‘खडे किती’ याइतकंच ‘खडे कशाचे’ हेही विचारा.

आता दुकानात गेल्यावर करायचं काय ते सांगतो.

डाग काट्यावर ठेवण्याआधी टॅग दोऱ्यासकट काढायला सांगा. टॅग लावूनच वजन दाखवायची सवय अनेकांना असते आणि टॅगचंही काही मिलिग्रॅम वजन असतंच. काटा रिकामा असताना 0.000 दाखवतोय ना बघा, काचेचं झाकण लावू द्या. वर पंखा चालू असेल तर शेवटचा आकडा नाचत राहतो. सराफी काटा मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे तीन दशांश दाखवतो. वैधमापन शास्त्र विभागाच्या पडताळणीचं प्रमाणपत्र दुकानात असतं, हवं तर बघायला मागा. तुमचा ग्रॉस 28.640 च्या एक-दोन मिलिग्रॅम मागेपुढे आला की ग्रॉसचा विषय संपला.

मग एस्टिमेटचा कागद पुढे ठेवा आणि शांतपणे विचारा, ‘खडे-मोती 25.65 कॅरेट म्हणजे 5.130 ग्रॅम, मग लेस 4.330 कसं?’ बाकी काही बोलू नका. चांगला काउंटरवाला लगेच आत जाऊन कारखान्याचा कागद किंवा पुडीचा हिशेब घेऊन येईल. दोनच गोष्टी होऊ शकतात. लेस चुकलं असेल तर नेट 23.510 होईल. कॅरेटची यादी चुकली असेल तर खडे-मोती 25.65 ऐवजी 21.65 कॅरेट होतील आणि मग 8,500 कमी व्हायला हवेत. दोन्ही आकडे जसेच्या तसे राहून उत्तर येऊच शकत नाही.

एक निरपराध शक्यताही आहे, जुन्या पेढ्यांत दिसते. मोत्यांचं वजन कधीकधी रत्तीत लिहिलेलं असतं आणि एस्टिमेट करणारा मुलगा त्यापुढे कॅरेट टाकून मोकळा होतो. रत्तीतही एकवाक्यता नाही: सोनाराची रत्ती म्हणजे आपली गुंज, ती 0.12 ग्रॅमच्या आसपास, आणि रत्नवाल्याची 0.18 च्या आसपास. असं उत्तर आलं तर वाद घालू नका, ‘ग्रॅममध्ये लिहून द्या’ एवढंच म्हणा.

ते कागद दाखवू शकले नाहीत तर लटकनचे मोती तपासणं तुमच्या बाबतीत सोपं आहे, कारण ते कडीत अडकवलेले आहेत, जडवलेले नाहीत. तिथेच बसलेल्या कारागिराला त्याच मापाचे दहा सुटे मोती काट्यावर टाकायला सांगा. मोती सगळ्या पेढ्यांत सुटे पडलेले असतात. दहांचं वजन भागिले दहा गुणिले नऊ. लटकन सोडवून तोलला तर त्यात मोत्याची सोन्याची टोपी आणि तारही येते, म्हणून सुटे मोती तोलणं बरं. बारीक खड्यांनाही हेच करता येतं. त्याच मापाचे, त्याच जातीचे वीस खडे तोलायचे, डागातले खडे मोजायचे आणि गुणाकार करायचा. अगदी मिलिग्रॅमला जुळणार नाही, पण 0.8 ग्रॅम लपणार नाही.

हॉलमार्कवर मात्र ह्यासाठी विसंबू नका, मी रोज ह्या गैरसमजाशी झगडतो. 22K916 आणि सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी हे सोनं किती शुद्ध आहे ते सांगतात. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तो क्रमांक घालून बघाच, शुद्धता आणि सराफाची नोंदणी दिसते. पण त्या डागात 23.510 ग्रॅम सोनं आहे की 24.310, हे तो शिक्का सांगत नाही. दोन्ही बाबतीत शिक्का खराच असेल.

आता मजुरी. 14 टक्के ग्रॉसवर घेणं बेकायदा नाही. मजुरी किती आणि कशावर हे दुकान आणि गिऱ्हाईक यांच्यात ठरतं. पण ‘14’ हा आकडा ऐकून तुम्ही पुढच्या दुकानातल्या 16 शी तुलना केलीत तर फसाल. ग्रॉसवरची मजुरी नेटच्या किमतीने भागून बघा. 40,096 भागिले 2,43,100 म्हणजे साडेसोळा टक्के. आणि दुरुस्त नेट धरलं, 2,35,100, तर सतरा टक्के. म्हणजे नेटवर 16 टक्के मागणारा शेजारचा दुकानदार ह्यांच्यापेक्षा स्वस्त आहे. काही जण मजुरी कमी सांगून नेटमध्ये ‘घट’ मिळवतात: 23.510 अधिक 5 टक्के घट, असं करून 24.685 ग्रॅमचे पैसे. ती वेगळ्या नावाची मजुरीच. ती धरून भागाकार करा, म्हणजे सगळी दुकानं एका पट्टीत येतात.

सेल्समन म्हणेल, खडे बसवायलाही मेहनत लागते, म्हणून ग्रॉस. मेहनत लागते हे खरं आहे, पण ती वजनावर ठरत नाही. कारागिराला जडाई नगावर मिळते, खडा जड आहे म्हणून नाही. लटकनचा मोती कडीत अडकवायला काही मिनिटं लागतात, तुमच्या हिशेबात मात्र नऊ मोत्यांच्या 0.8 ग्रॅमवर मजुरीच 1,120 रुपये लागली आहे. जडाईचे पैसे वेगळे मागितले तर ते देणं मला जास्त सरळ वाटतं. खडे-मोती 8,500 मध्ये जडाई आहे का, हे विचारून घ्या. असेल तर ग्रॉसवर मजुरी म्हणजे तिसऱ्यांदा तेच.

आणि काही ठिकाणी अजूनही संपूर्ण डाग ग्रॉसवरच विकतात, ‘खड्यांचे वेगळे घेत नाही’ असं कौतुकाने सांगत. तुमचा डाग तसा घेतला असता तर 2,86,400 आणि मजुरी 40,096 मिळून करापूर्वी 3,26,496. म्हणजे 8,500 चे खडे-मोती तुम्ही 51,300 ला घेतले असते, वर त्यांची मजुरी.

ह्याचा चटका मला स्वतःला बसलाय. माझ्या आईची बोरमाळ होती, मी ह्या धंद्यात येण्याआधी पुण्यातल्याच एका पेढीवरून घेतलेली. बिलावर एकच ओळ: ‘बोरमाळ, वजन 31.200’. ग्रॉस नाही, नेट नाही. बोरमाळेचे मणी आतून पोकळ असतात आणि ते चेपू नयेत म्हणून आत लाख भरतात. कोल्हापुरी साजाच्या मण्यांतही तेच. लाख भरण्यात काही गैर नाही, पण ती वजा करायला हवी. बरीच वर्षं गेली, माळेचे मणी झिजून फुटायला लागले, म्हणून मोडीत काढायचं ठरलं. तोवर मी काउंटरला होतो, आटवताना समोर उभा राहिलो. मणी मुशीत पडले आणि ज्योत लागल्याबरोबर काळा धूर निघाला, जळक्या लाखेचा उग्र वास, राळ जळावी तसा. धूर संपला, सोनं वितळून थेंब झालं. लगडी थंड करून काट्यावर ठेवली तर 24.600. आटवताना थोडीफार घट येते, झीजही झाली असेल, पण साडेसहा ग्रॅम काही झिजत नाहीत. आईने लाख सोन्याच्या भावाने घेतली होती. बिलात नुसतं ‘वजन’ असल्यामुळे भांडायला जागाच नव्हती. वजन तेवढंच होतं की!

लाखेचं हेच अवघड आहे, ती दिसत नाही. खडे निदान मोजता येतात. पोकळ मण्यांची माळ, ठसठशीत पण हातात हलकी लागणारी पाटली, पाठ बंद असलेला पदक-लोलक असं काही घेताना सरळ विचारा, ‘आत लाख किंवा मेण आहे का, आणि लेसमध्ये धरलंय का?’ तुमच्या नेकलेसलाही मागून उलटा करून बघा. खड्यांची पाठ उघडी असेल, जाळी दिसत असेल, तर आत काही भरलेलं नाही. पाठ पत्र्याने बंद असेल तर हा प्रश्न तिथेही विचारा. दोरा-गोंडा, स्प्रिंग, मीना ही किरकोळ मंडळी, पण तीही सोनं नव्हेत.

कुंदन, पोलकी, जडाऊ कामात तर डाग न फोडता नेट तपासायची सोयच नसते आणि त्या प्रकाराला हॉलमार्कच्या सक्तीतून सूटही आहे. तिथे शिक्काही नाही आणि मोजदादही नाही, उरतो फक्त बिलावरचा लेखी आकडा. तुमचा डाग त्यातला नाही, म्हणून फार खोलात जात नाही.

शेवटी बिल. हॉलमार्क असलेल्या दागिन्याच्या बिलावर डागाचं वर्णन, मौल्यवान धातूचं निव्वळ वजन, शुद्धता कॅरेटमध्ये आणि बारीक अंकात (916), आणि हॉलमार्कचं शुल्क हे वेगवेगळं दाखवणं बीआयएसच्या 2018 च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. निव्वळ वजन ही तुमची मेहेरबानीची मागणी नाही, त्यांना ते लिहावंच लागतं. मी त्यात दोन ओळी जास्त मागून घेतो: ग्रॉस किती, आणि लेस किती ग्रॅम व कशाचं. ‘ग्रॉस 28.640, खडे 3.680, मोती 1.450, नेट 23.510’ असं.

ह्या दोन ओळी बहिणीला पुढे कामाला येतील. सोनेतारण करताना आम्ही खडे-मोती धरत नाही, आणि मोडीला गेलं की तेच. तिथे लेस आम्ही काढतो आणि नीट कागद नसला की आमचा हात लेसकडे थोडा जास्तच झुकतो, हे कबूल करतो. कर्ज देणाऱ्याने कमी सोनं धरलं तर बँक रागावत नाही, जास्त धरलं तर रागावते. घेताना 4.330 असलेलं लेस विकताना साडेपाच होतं ते असं. बिलावर खडे आणि मोती वेगळे लिहिलेले असले की पारखणारा आधी तो आकडा बघतो, मग मोजणी करतो.

मोती वेगळे लिहून घेण्याचं आणखी एक कारण आहे. मोती काही वर्षांत घामाने, अत्तराने निस्तेज होतात आणि बदलावे लागतात. नवे मोती जुन्यांइतकेच भरतील असं नाही, म्हणजे तेव्हा ग्रॉस बदलेल आणि आजच्या टॅगशी जुळणार नाही. नेट मात्र 23.510 च राहील. मोती बदलायला डाग देताना आधी आणि परत घेताना नंतर, दोन्ही वेळा वजन करून पावतीवर लिहून घ्यायचं आणि नव्या मोत्यांचं सुटं वजनही.